एचआयव्ही चाचणीची प्रयोगशाळा कार्यपद्धती

एचआयव्ही चाचणीची प्रयोगशाळा कार्यपद्धती म्हणजे एखाद्या व्यक्तीला एचआयव्हीची लागण झाली आहे किंवा नाही, हे ठरवण्यासाठी एकापाठोपाठ एक चाचण्या कोणत्या क्रमाने कराव्यात आणि त्यांच्या निकालांचा एकत्रित अर्थ कसा लावावा, याचे ठरवून दिलेले नियम. या कार्यपद्धतीत पहिली चाचणी चाळणीची असते व पुढील चाचण्या निदान पक्के करणाऱ्या असतात. चाचण्यांचे निकाल परस्परांशी जुळले नाहीत, तर काय करावे हेही तिच्यातच सांगितलेले असते. भारतात ही कार्यपद्धती राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना (नॅको) ठरवते. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने भारतातील एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रांत (आयसीटीसी) वापरल्या जाणाऱ्या पद्धतीचा विचार केला आहे.

एका चाचणीवर निदान का होत नाही

नेहमीच्या बहुतेक चाचण्या विषाणूचा नव्हे, तर विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांचा शोध घेतात. चाचणी संचाच्या पट्टीवर किंवा कंगव्यासारख्या दात्यावर विषाणूची प्रथिने (प्रतिजन) बसवलेली असतात. रक्तजलातील प्रतिपिंडे त्यांना चिकटली की रंगीत रेघ किंवा ठिपका उमटतो. मात्र मूळ एचआयव्हीशी संबंध नसलेली प्रतिपिंडेही क्वचित या प्रथिनांना चिकटतात. स्वयंप्रतिकार विकार, काही अन्य संसर्ग किंवा नुकतेच झालेले लसीकरण यांमुळे असे घडू शकते. पुष्कळदा कारण सापडतही नाही.

अशा चुका हजारात थोड्याच होतात, तरी लागण विरळ असलेल्या समाजात त्यांचा परिणाम मोठा होतो. समजा, १,००,००० गरोदर स्त्रियांची तपासणी केली आणि त्यांपैकी २०० जणींना, म्हणजे ०.२ टक्क्यांना, लागण आहे. पहिल्या चाचणीची संवेदनशीलता ९९.५ टक्के असेल, तर २०० पैकी १९९ जणी सापडतील. तिची विशिष्टता ९८.५ टक्के असेल, तर लागण नसलेल्या ९९,८०० जणींपैकी १,४९७ जणींचा निकालही प्रतिक्रियाशील (रिॲक्टिव्ह) येईल. म्हणजे एकूण १,६९६ प्रतिक्रियाशील निकालांपैकी खरे केवळ १९९, शंभरात सुमारे बारा. चाचणी उत्तम असूनही तिच्या एकटीच्या भरवशावर ‘तुम्हाला एचआयव्ही आहे’ असे सांगितले, तर बहुतेक वेळा ते खोटे ठरेल.

याच चाचणीने १० टक्के लागण असलेल्या एक लाख लोकांना तपासले, तर चित्र पालटते. तेथे ९,९५० खऱ्या निकालांमागे १,३५० खोटे निकाल येतात. लक्षणे असलेल्या रुग्णांसाठी दोन, तर लक्षणे नसलेल्यांसाठी तीन चाचण्या, हा नॅकोच्या जुन्या मार्गदर्शक सूचनांमधील भेद याच हिशेबातून आलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सरसकट सलग तीन प्रतिक्रियाशील निकालांची शिफारस केली. लोकसंख्येतील लागणीचे प्रमाण व उपचार न घेतलेल्या बाधितांचा वाटा घटत गेल्यामुळे दोन चाचण्यांवरचा भरवसा पूर्वीइतका उरला नव्हता.

तीन चाचण्यांचा क्रम

लक्षणे नसलेल्या व्यक्तीसाठी तीन वेगवेगळे संच वापरतात. त्यांना क्रमाने अ, ब आणि क म्हणू. ‘अ’ सर्वांत संवेदनशील असतो, कारण त्याच्या हातून खरा बाधित निसटता कामा नये. ‘ब’ व ‘क’ अधिक विशिष्ट असतात. ‘अ’ अप्रतिक्रियाशील आला तर तपासणी तेथेच थांबते आणि निकाल ‘निगेटिव्ह’ दिला जातो. ‘अ’ प्रतिक्रियाशील आला, तर त्याच नमुन्यावर पुढील दोन संच वापरतात. तिन्ही प्रतिक्रियाशील आले तरच ‘पॉझिटिव्ह’ असे लिहिले जाते. ‘ब’ आणि ‘क’ दोन्ही अप्रतिक्रियाशील असतील, तर निकाल ‘निगेटिव्ह’. ‘अ’बरोबर त्या दोहोंपैकी एकच प्रतिक्रियाशील असेल, तर निकाल ‘अनिर्णित’ ठरतो.

वरच्या उदाहरणात ‘ब’ची विशिष्टता ९९.५ टक्के धरली, तर १,४९७ खोट्या निकालांपैकी सात-आठच उरतात आणि ‘क’नंतर जवळजवळ एकही उरत नाही. परंतु हा गुणाकार एका अटीवर अवलंबून आहे. तीन संचांच्या चुका परस्परांपासून स्वतंत्र असल्या पाहिजेत. तोच संच तीनदा वापरला, तर चुकीचे प्रतिपिंड त्याच प्रथिनाला तीनदा चिकटेल आणि तीन निकालांना एकाच साक्षीदाराच्या तीन जबान्यांइतकेच मोल राहील. म्हणून तिन्ही संचांचे प्रतिजन किंवा तत्त्व भिन्न असावे लागते. दोन वेगळ्या कंपन्यांच्या वेष्टनांत एकाच उगमाचे प्रतिजन असणे शक्य असल्याने केवळ नाव वेगळे असून भागत नाही.

रक्तपेढीतील तपासणीचा हेतू वेगळा आहे. तेथे रक्त सुरक्षित आहे का एवढाच प्रश्न असतो, दात्याचे निदान नव्हे. त्यामुळे एका चाचणीत प्रतिक्रियाशील आलेली पिशवी नष्ट केली जाते. त्या एका निकालावरून दात्याला मात्र बाधित म्हणता येत नाही. त्याला चाचणी केंद्राकडे पाठवावे लागते.

गवाक्ष काळ

लागण झाल्यापासून चाचणीत ती दिसू लागेपर्यंतच्या काळाला गवाक्ष काळ (विंडो पिरियड) म्हणतात. त्याची लांबी चाचणी काय शोधते यावर ठरते. पहिले सुमारे दहा दिवस रक्तात काहीच सापडत नाही. त्यानंतर विषाणूचे आरएनए, साधारण पंधरा ते वीस दिवसांच्या दरम्यान ‘पी२४’ नावाचे प्रतिजन आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून प्रतिपिंडे आढळू लागतात. व्यक्तीव्यक्तींत यात फरक असतो. त्यामुळे लागण नाही असे सांगण्यासाठी सरासरी नव्हे, तर उशिरात उशिराची मर्यादा धरतात. न्यूक्लिइक आम्ल चाचणीसाठी ती ३३ दिवस, प्रतिजन व प्रतिपिंड दोन्ही शोधणाऱ्या प्रयोगशाळेतील चौथ्या पिढीच्या चाचणीसाठी ४५ दिवस आणि केवळ प्रतिपिंड शोधणाऱ्या चाचणीसाठी ९० दिवस मानली जाते.

कार्यपद्धतीचा सर्वांत दुबळा दुवा येथेच आहे. खोट्या प्रतिक्रियाशील निकालाला ‘ब’ आणि ‘क’ अडवतात. खोट्या अप्रतिक्रियाशील निकालाला मात्र पुढे कोणी अडवत नाही, कारण ‘अ’नंतर तपासणीच थांबते. याच दिवसांत रक्तातील विषाणूंची संख्या अतिशय जास्त असते आणि व्यक्तीकडून इतरांना लागण होण्याची शक्यताही अधिक असते. त्यामुळे शेवटचा धोक्याचा प्रसंग कधी घडला, हा समुपदेशकाचा प्रश्न चाचणीइतकाच निर्णायक ठरतो. तीन आठवड्यांपूर्वीचे उत्तर आले, तर निगेटिव्ह अहवालासोबत पुन्हा तपासणीची तारीख द्यावी लागते.

विसंगत निकाल : एक उदाहरण

पुढील उदाहरण कल्पित आहे. चौदाव्या आठवड्यात नोंदणीसाठी आलेल्या २६ वर्षांच्या गरोदर स्त्रीचे ‘अ’ व ‘ब’ निकाल प्रतिक्रियाशील आणि ‘क’ अप्रतिक्रियाशील आला आहे. तीनांपैकी दोन म्हणून बहुमताने ‘पॉझिटिव्ह’ लिहिण्याचा मोह येथे होतो, आणि तो चुकीचा आहे.

प्रथम तंत्रज्ञ साध्या चुका तपासतो. नळीवरचा क्रमांक व नोंदवहीतील क्रमांक एकच आहे का, संच मुदतीत आहे का आणि सांगितलेल्या तापमानाला ठेवला होता का, नियंत्रण रेघ उमटली होती का, निकाल ठरावीक वेळेतच वाचला होता का, हे तो पाहतो. नियंत्रण रेघ नसलेली चाचणी अवैध असते, निगेटिव्ह नव्हे. ठरलेल्या वेळेत दिसलेली फिकट रेघ प्रतिक्रियाशीलच धरतात. उलट वेळ टळून गेल्यावर, पट्टी सुकताना उमटलेली रेघ मोजायची नसते. चाचणी पुन्हा केल्यावरही तोच निकाल आला, तर अहवालात ‘अनिर्णित’ असे लिहून १४ ते २८ दिवसांनी नवा नमुना घेतात.

हा कालावधी मुद्दाम ठेवलेला आहे. स्त्रीला नुकतीच लागण झाली असेल, तर प्रतिपिंडांची संख्या व विविधता रोज वाढत असते आणि दोन-चार आठवड्यांत ‘क’ही प्रतिक्रियाशील होतो. खोटी प्रतिक्रिया असेल, तर निकाल तसाच राहतो किंवा फिका पडत जातो. एका नमुन्यात न दिसणारा फरक दोन नमुन्यांमधील बदलातून दिसतो. दुसऱ्या वेळीही निकाल अनिर्णित राहिला, तर नमुना राज्य किंवा राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेकडे जातो. पुण्यातील राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने ही भूमिका दीर्घकाळ पार पाडली आहे.

तेथे वेस्टर्न ब्लॉट ही चाचणी करता येते. तिच्यात विषाणूची प्रथिने आकारमानानुसार वेगळी केलेली असल्याने कोणत्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंड आहे ते पट्ट्यांवरून कळते. विषाणूच्या आवरणातील प्रथिनांच्या (जीपी४१, जीपी१२०, जीपी१६०) दोन पट्ट्या उमटल्यास निदान पक्के मानतात. केवळ पी२४ ची पट्टी उमटल्यास ती लागणीची सुरुवात असू शकते, निरर्थक प्रतिक्रिया असू शकते किंवा एचआयव्ही-२ ची खूणही असू शकते. ताज्या लागणीत ही चाचणी आधुनिक संचांपेक्षा उशिरा प्रतिसाद देते, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने नेहमीच्या कार्यपद्धतीत तिचा वापर न करण्याचा सल्ला दिला आहे. अशा वेळी न्यूक्लिइक आम्ल चाचणी अधिक उपयोगी पडते. ताज्या लागणीत विषाणूंची संख्या सहसा खूप मोठी असते. त्यामुळे अगदी अल्प संख्या आढळली, तर ती लागणीचा पुरावा न मानता चाचणी पुन्हा करणे योग्य. एचआयव्ही-१ साठीची ही चाचणी एचआयव्ही-२ ओळखत नाही, हेही ध्यानात ठेवावे लागते.

ही स्त्री प्रसूतिवेदना सुरू झाल्यावर प्रथमच आली असती, तर थांबायला वेळ नसता. त्या परिस्थितीत बोटाच्या रक्तावरील एका प्रतिक्रियाशील निकालावरच आईचे व बाळाचे संरक्षक उपचार सुरू करतात आणि निदान नंतर पक्के करतात. अनावश्यक औषधाच्या थोड्या दिवसांपेक्षा बाळाला होणारी लागण अधिक गंभीर मानली जाते.

कार्यपद्धती लागू न पडणारे प्रसंग

बाधित आईची प्रतिपिंडे वारेतून बाळात येतात आणि अठरा महिन्यांपर्यंत टिकू शकतात. त्यामुळे या वयापूर्वी प्रतिपिंड चाचणीवरून बाळाला बाधित ठरवता येत नाही. सहाव्या आठवड्यापासून टाचेतून घेतलेल्या, कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या ठिपक्यांवर न्यूक्लिइक आम्ल चाचणी केली जाते.

औषधोपचार सुरू असलेल्या व्यक्तीची पुन्हा चाचणी करणेही फसवे ठरू शकते. लागणीनंतर फार लवकर उपचार सुरू झाले असतील, तर प्रतिपिंडे पुरेशी तयार होत नाहीत किंवा घटतात आणि एखादा संच अप्रतिक्रियाशील येतो. तो बरे झाल्याचा पुरावा नसतो. निदानाची फेरतपासणी उपचारांपूर्वीच, नव्याने घेतलेल्या नमुन्यावर करण्याचा नियम आहे. नळ्यांची अदलाबदल किंवा चुकीची नोंद याच टप्प्यावर सापडते, कारण जुन्याच नमुन्यावर कितीही चाचण्या केल्या तरी तो नमुना दुसऱ्या कोणाचा आहे, हे त्या सांगू शकत नाहीत.