मूल हवे असताना टेस्टोस्टेरॉन बाहेरून नको

टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन घेतले की रक्तातली पातळी वाढते, पण मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी ‘आता पुरे’ असे समजून एलएच आणि एफएसएच ही संप्रेरके सोडणे थांबवते. वृषणांना आदेश मिळत नाही आणि शुक्राणू घटत जाऊन कधी शून्यावर येतात. थकव्यावर उपाय म्हणून जिममधून इंजेक्शन सुरू करणाऱ्याला हे बहुधा कोणी सांगत नाही.

समजा, तिशीतल्या पुरुषाचे टेस्टोस्टेरॉन सकाळच्या दोन तपासण्यांत कमी आले आणि एलएचही कमीच निघाले. म्हणजे वृषणे ठीक असून आदेश अपुरा आहे. अशा वेळी क्लोमिफिन, बहुधा रोज २५ मिलिग्रॅम, मेंदूला इस्ट्रोजेनची जाणीव होऊ देत नाही. पिट्युटरी पुन्हा कामाला लागते. पिट्युटरीच निकामी असेल तर गोळीचा उपयोग नाही. तिथे एलएचचे काम करणारे एचसीजी आठवड्यातून दोन-तीनदा टोचतात, गरजेनुसार एफएसएचची जोड देतात. एलएच आधीच खूप वाढलेले असेल, तर दोष वृषणांत असतो आणि दोन्ही औषधांचा फारसा फायदा होत नाही.

शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात, म्हणून वीर्यतपासणी तीन महिन्यांनी करावी. क्लोमिफिन घेताना नजर धूसर झाल्यास गोळी थांबवून डॉक्टरांना लगेच दाखवावे.