उसन्या वहीवर पुस्तपालनाचा आठवडा

बारावीच्या पुस्तपालनाच्या उसन्या वहीत उत्तर असते, पण वर्गात तोंडी सांगितलेले कारण बहुधा उतरवलेले नसते. म्हणून पहिल्या दिवशी वही पाठ्यपुस्तकाशी ताडून सुटलेल्या पायऱ्यांवर खूण करावी.

पुढचे चार दिवस भागीदारीला द्यावेत. समजा, अ आणि ब नफा ३:२ वाटतात; क १/५ वाट्याने येतो. उरलेले ४/५ जुन्याच प्रमाणात वाटले की नवे प्रमाण १२:८:५ होते. वहीत फक्त हा शेवटचा आकडा सापडतो. वही मिटून तो पुन्हा काढता आला, तरच पुढे जावे.

सहाव्या दिवशी घड्याळ लावून जुनी प्रश्नपत्रिका सोडवावी. ताळेबंद जुळला नाही, तर फरकाच्या निम्मी रक्कम आधी शोधावी. ती चुकीच्या बाजूला पडलेली असू शकते. सातव्या दिवशी फक्त चुकलेली गणिते पुन्हा करावीत.