मार्चचं बिल, एप्रिलचा माल

फुलचूरच्या एखाद्या हार्डवेअर दुकानाचं उदाहरण घ्या. नागपूरच्या ठोक व्यापाऱ्याचं बिल २९ मार्च २०२५ चं, माल उतरला ३ एप्रिलला. बिल कुठल्या फोल्डरमध्ये? माझ्या मते बिलावरच्या तारखेप्रमाणे २०२४-२५ मध्येच. पण जीएसटीचं क्रेडिट माल हातात आल्यावरच मिळतं, म्हणजे एप्रिलच्या रिटर्नमध्ये. म्हणून बिलावर पेनाने "माल ३/४, क्रेडिट एप्रिल" लिहा आणि झेरॉक्स नव्या वर्षाच्या एप्रिलमध्ये लावा. हे क्रेडिट घ्यायची शेवटची मुदत ३० नोव्हेंबर २०२५, तीही वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं नसेल तरच.

कॉम्प्युटरवर महिन्यांची नावं नुसती लिहिली की क्रम बिघडतो. वर्षाच्या फोल्डरात अशी नावं द्या, एप्रिल आपोआप वर येतो:

```
2024-25/2024-04
2024-25/2025-03
```

आत खरेदी, विक्री, चलनं एवढं पुरे. १ एप्रिलला विक्रीबिलांची नवी मालिका सुरू करा. एका आर्थिक वर्षात तोच नंबर दुसऱ्यांदा चालत नाही.

आणि रद्दीवाल्याला घाईने बोलावू नका. वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने कागद ठेवावे लागतात. २०२४-२५ ची मुदत ३१ डिसेंबर २०२५, म्हणून गठ्ठ्यावर आजच लिहा: "३१ डिसेंबर २०३१ पर्यंत". अपील किंवा चौकशी चालू असेल तर त्याहूनही जास्त.