भाडेकराराचा फोटो तर काढला, पण हप्ते वहीत कसे उतरवायचे?

तळेघर, आहुपे, डिंभे या पट्ट्यात भात निघाला की गिरणीला रांग लागते. समजा, इथल्या एखाद्या बचत गटानं १ ऑक्टोबर २०२४ पासून २४ महिन्यांसाठी भात गिरणीचं यंत्र भाड्यानं घेतलं. पहिलं वर्ष महिना ४,५०० रुपये, दुसरं वर्ष ५ टक्के वाढ धरून ४,७२५. दोन्ही जीएसटीसह. त्या त्या महिन्याचं भाडं ५ तारखेला द्यायचं, अनामत ९,००० वेगळी. मूळ करार मालकाकडे, गटाकडे फक्त मोबाइलमधला फोटो. ३१ मार्चला हिशोब कसा मांडायचा?

फोटोतला हप्त्यांचा तक्ता गूगल लेन्सनं कॉपी करून शीटमध्ये टाकता येतो. पण घडी पडलेली जागा आणि शिक्क्याखालचा आकडा तिथं हमखास चुकतो. मराठी अंकात छापलं असेल तर जास्तच: ४ चा 8 होतो, १ चा 9. म्हणून आकडे इंग्रजी अंकांत टाइप करून बी रकान्यात २४ ओळी भरा आणि बेरीज घ्या:

```
=SUM(B2:B25)
```

आपल्या उदाहरणात १२ × ४,५०० म्हणजे ५४,००० आणि १२ × ४,७२५ म्हणजे ५६,७००, एकूण १,१०,७००. शीट १,१०,१०० दाखवत असेल तर फरक ६०० चा. म्हणजे कुठंतरी शेकड्याच्या जागी ७ चा १ झालाय. तेरावी ओळ आणि पुढच्या ओळी फोटोशी ताडून बघा. बेरीज जुळली तरी तारखा एकदा नजरेखालून घालाच, कारण चुकलेली तारीख बेरजेत सापडत नाही.

आता खर्च. ३१ मार्च २०२५ पर्यंत सहा महिने यंत्र वापरलं, म्हणून भाडेखर्च २७,०००. समजा मार्चचा हप्ता राहिला आणि दिले २२,५००. तरी खर्च २७,०००च लिहायचा, आणि ४,५०० देणं म्हणून दाखवायचे. इथंच बऱ्याच वह्या बिघडतात, कारण पैसे गेले तेवढाच खर्च धरला जातो.

करारातले बाकीचे १८ महिने म्हणजे ८३,७०० रुपये. ते आज थकलेले नाहीत, पण द्यायचे आहेत. वहीत वेगळ्या ओळीत 'पुढं द्यायचं भाडं' असं लिहा. थकीत धरून एकूण ८८,२००. सी रकान्यात दिलेली रक्कम भरत गेलात तर बाकी आपोआप मिळते:

```
=SUM(B2:B25)-SUM(C2:C25)
```

अनामतीचे ९,००० खर्चात धरायचे नाहीत. ते परत मिळायचे, म्हणून येण्यात. मोठ्या संस्थेचा सीए वाढीचं भाडं सगळ्या महिन्यांवर सारखं वाटेल, महिना ४,६१२.५० रुपये. गटाच्या साध्या वहीला करारातला आकडा पुरतो.

अजून एक. मुदतीआधी यंत्र परत केलं तर उरलेलं भाडं द्यावं लागतं का, हे बहुतेक शेवटच्या पानावर असतं, आणि फोटो काढताना नेमकं तेच पान राहून जातं. ते नसेल तर ८३,७०० चा आकडा पक्का मानू नका. आधी मालकाकडून त्या पानाचा फोटो मागवा.