घोड्याचा चंदी-चारा

माथेरानला पर्यटकांना पाठीवर वाहणारा तट्टू साधारण 300 किलोचा धरू. त्याला दिवसाला किमान साडेचार किलो सुकं गवत हवंच. घोड्याचं जठर शरीराच्या मानाने लहान असतं. गवत पचतं ते पुढे, मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंमुळे. एका वेळी भरपूर चंदी दिली, की न पचलेला स्टार्च तिथे पोचतो, आंबतो, वायू धरतो आणि पोटशूळ उठतो. घोड्याला उलटीही होत नाही, म्हणून सुटका नाही.

तीन किलो चंदी (जव, भिजवलेला हरभरा, थोडा गव्हाचा कोंडा) द्यायची, तर ती तीन वेळांत विभागावी. आधी गवत, मग चंदी. खोगीर चढवण्याआधी निदान तासभर चंदी नको. कामावरून आल्यावरही अंग निवेपर्यंत थांबावं. रात्रीसाठी गवत जास्त ठेवावं.

गडबड होते ती सुट्टीच्या दिवशी. काम बंद आणि चंदी तेवढीच! त्या दिवशी ती निम्मी करावी. नवं धान्य आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवावं.

घोडा कुशीकडे वळून पाहतो, पायाने जमीन उकरतो, लोळतो, लीद टाकत नाही? चंदी-चारा काढून घ्या आणि लगेच पशुवैद्याला बोलवा.