डिटेक्टरआधी तासभर लेखन

‘मोबाईल : शाप की वरदान’ असा विषय फळ्यावर लिहायचा आणि पुढच्या सोमवारी निबंध आणायला सांगायचं, ही पद्धत आपल्याकडे वर्षानुवर्षं चालत आली. सोमवारी काय येतं, हे भाषा शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. गाइडातले परिच्छेद यायचे, मोठ्या भावंडाची वही यायची, आणि प्रकल्प असेल तर तो स्टेशनरीच्या दुकानातून तयारच यायचा. नोव्हेंबर २०२२मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुलं झालं आणि हे काम मिनिटभरात, फुकटात आणि बऱ्यापैकी शुद्ध भाषेत होऊ लागलं. तेव्हा कॉलेजांना पहिला उपाय सुचला तो डिटेक्टरचा, म्हणजे मजकूर माणसानं लिहिला की यंत्रानं, हे सांगण्याचा दावा करणाऱ्या सॉफ्टवेअरचा.

हा उपाय किती कच्चा आहे, ते लवकरच दिसलं. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयनं स्वतःच असा डिटेक्टर जानेवारी २०२३मध्ये आणला. कंपनीच्याच चाचणीत यंत्रानं लिहिलेल्या मजकुरापैकी जेमतेम २६ टक्के त्याला पकडता आला, आणि माणसांनी लिहिलेल्या ९ टक्के मजकुरावर त्यानं यंत्राचा शिक्का मारला. जुलैमध्ये कंपनीनं तो मागे घेतला. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठानं त्याच वर्षी ऑगस्टमध्ये टर्निटिनचा डिटेक्टर बंद केला. त्यामागचा हिशेब साधा होता. वर्षाला सुमारे ७५ हजार निबंध तपासले जातात. चूक फक्त एक टक्का धरली तरी साडेसातशे निबंधांवर खोटा आळ येतो.

आपल्या विद्यार्थ्यांशी थेट संबंध असलेली गोष्ट मात्र स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३मध्ये दाखवली. त्यांनी सात डिटेक्टरना टोफेल परीक्षेतले ९१ निबंध दिले. ते इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसांनी लिहिलेले होते. सरासरी साठ टक्क्यांहून जास्त निबंध ‘यंत्रानं लिहिलेले’ ठरले. अमेरिकी आठवीतल्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ बिनचूक ओळखले गेले. याचं कारण डिटेक्टरच्या कामाच्या पद्धतीत आहे. पुढचा शब्द कोणता येईल याचा अंदाज जितका सहज बांधता येतो, तितका मजकूर यंत्राचा असण्याचा संशय त्याला वाढतो. परक्या भाषेत जपून लिहिणारा माणूस मोजके, ओळखीचे शब्द आणि सरळ वाक्यरचना वापरतो, आणि नेमका तिथेच सापडतो. त्याच संशोधकांनी ते निबंध चॅटजीपीटीकडून भारदस्त शब्दांत सजवून घेतले, तेव्हा त्यांच्यावरचा संशय कमी झाला. म्हणजे स्वतः लिहिणारा अडकतो आणि यंत्राची मदत घेणारा सुटतो. मराठी माध्यमातून येऊन प्रथम वर्षाला इंग्रजीत लिहिणारी मुलगी यात कुठे उभी राहील, हे वेगळं सांगायला नको.

त्यामुळे लेखन आलं की ते कोणाचं, हे शोधण्यात शक्ती घालवण्यापेक्षा काम देतानाच ते असं द्यावं की तो प्रश्न फारसा उरू नये, असं मला ठामपणे वाटतं. ही कल्पना एआयमुळे जन्मलेली नाही. डोनाल्ड मरे या अमेरिकी शिक्षकानं १९७२मध्येच मांडलं होतं की लेखन हे हाती येणाऱ्या निबंधातून शिकवू नये, ते घडत असताना शिकवावं. साठ मुलांच्या वर्गात हे प्रत्यक्षात कसं उतरतं, ते एका उदाहरणातून पाहू. अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण आणि ४८ मिनिटांचे तीन तास, एवढंच भांडवल धरू.

विषय असा : ‘तुमच्या राहत्या जागेजवळचा एक छोटा व्यवसाय आणि त्यात झालेला एक बदल.’ पहिल्या तासात मुलं वर्गातच दहा मिनिटं हातानं लिहितात : कोणता व्यवसाय, तिथे कोणाशी बोलणार, काय विचारणार. तो कागद तारीख घालून शिक्षक जमा करतात. उरलेल्या वेळात प्रश्न कसे विचारायचे, यावर बोलणं होतं. ‘धंदा कसा चाललाय?’ या प्रश्नाला ‘बरा चाललाय’ एवढंच उत्तर मिळतं. ‘काल सगळ्यात जास्त काय विकलं?’ या प्रश्नाला गोष्ट मिळते. मग आठवडाभरात मुलांनी जाऊन बोलायचं आणि एका पानावर टिपणं आणायची. टिपणं तुटक हवीत, सलग परिच्छेद चालणार नाहीत.

समजा, एका मुलीनं कोपऱ्यावरची पिठाची गिरणी निवडली. तिच्या पानावर असं असेल : ज्वारीचे डबे कमी झाले, गव्हाचेही निम्मे, पाकिटातलं पीठ, दगडाला टाकी लावली की पहिलं पीठ बाजूला काढतात, कच येते म्हणून, उपवासाचं वेगळं दळतात, काका म्हणाले, मुलगा गिरणीत बसणार नाही.

दुसऱ्या तासाला खरं काम होतं. समोर फक्त टिपणांचं पान, मोबाईल बॅगेत, आणि पस्तीस मिनिटं लेखन. शिक्षक एक अट त्याच वेळी फळ्यावर लिहितात, उदाहरणार्थ, ‘जाण्याआधी तुम्हाला माहीत नव्हती अशा गोष्टीपासून सुरुवात करा.’ ही अट आधी सांगायची नाही, कारण काही मुलं घरून तयार मजकूर पाठ करून येतात, आणि पाठ केलेला मजकूर नव्या सुरुवातीला जुळवून घेणं अवघड जातं. मसुद्यात शुद्धलेखनाचे गुण कापायचे नाहीत. खाडाखोड असावी, तीच हवी आहे. आपली मुलगी टाकीपासून सुरुवात करते, दोन वाक्यं खोडते आणि काकांच्या मुलापाशी येऊन थांबते. मसुदे शिक्षकांकडे जातात.

यानंतरचा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच बहुतेक ठिकाणी गाळला जातो. शिक्षक प्रत्येक मसुद्यावर एकच प्रश्न लिहितात, पण तो त्या मसुद्यातूनच उगवलेला असावा लागतो. इथे तो असा असेल : ‘ज्वारीचे डबे कमी झाले, हे काकांनी कशावरून सांगितलं?’ याचं उत्तर तिला पुन्हा गिरणीत गेल्याशिवाय मिळत नाही. ती जाते आणि कळतं की पूर्वी ज्वारीसाठी काका वेगळी वेळ ठेवायचे, आता रोज तशी वेळ ठेवायला परवडत नाही. हे वाक्य कुठल्याही यंत्राला ठाऊक नव्हतं. ते तिनं जाऊन आणलं.

मग घरी पुनर्लेखन. शब्दकोश, मित्र, ताई, एआय, कोणाचीही मदत घ्यायला मुभा, पण घेतली तर सांगायचं. पक्क्या लेखासोबत पाच-सहा ओळींची टीप द्यायची : मसुद्यापासून काय बदललं आणि का. तिसऱ्या तासात वर्ग एकमेकांचे लेख वाचतो, आणि शिक्षक एकेकाला बाजूला बोलावून दोन मिनिटं बोलतात. उरलेली मुलं पुढच्या काही दिवसांत. गुणांची वाटणी अशी करता येते : टिपणं ४, मसुदा ६, पक्का लेख ६, बदलांची टीप २, बोलणं २. वीसपैकी निम्मे गुण टिपणांना आणि वर्गातल्या लेखनालाच आहेत, त्यामुळे पक्का लेख कोणाकडून लिहून घेण्यात फारसा फायदा उरत नाही.

आता गडबड कशी दिसते, तेही पाहू. मसुद्यात होतं : ‘काका म्हणाले, ज्वारीवाले आता मंगळवारीच येतात.’ पक्क्या लेखात आलं : ‘बदलत्या जीवनशैलीमुळे पारंपरिक धान्यांच्या सेवनात लक्षणीय घट झाल्याचे दिसून येते.’ काका गेले, मंगळवार गेला. इथे ‘हे तू लिहिलंस का?’ असं विचारायची गरज नाही. मसुदा आणि लेख शेजारी ठेवून ‘मंगळवार का काढलास?’ एवढंच विचारायचं. कधी उत्तर मिळतं, ‘मला वाटलं असं साधं लिहिलेलं चालत नाही.’ मग तिथे खरं शिकवणं सुरू होतं. आणि उत्तर मिळालंच नाही, तरी आरोप न करता गुण कमी करता येतात, कारण नेमक्या तपशिलाला गुण आहेत आणि तो तपशील लेखात नाही.

विषय वैयक्तिक हवा, याचा अर्थ अनेकजण चुकीचा घेतात. ‘माझ्या बालपणीची आठवण’ हा विषय यंत्र सहज लिहितं, आजी आणि अंगणासकट. विषय मुलाच्या स्वतःच्या निरीक्षणाशी आणि कोणाशी तरी झालेल्या बोलण्याशी बांधलेला हवा, म्हणजे त्यावर पुढचा प्रश्न विचारता येतो. शिवाय घरातलं दुःख, उत्पन्न, जात यांवर कोणाला लिहायला लावू नये. मुलाला घराकडे पाहायचं नसेल, तर एसटी स्टँड, वाचनालय, मैदान असे पर्याय तयार ठेवावेत.

या पद्धतीला मर्यादा आहेतच. टिपणंही बनावट असू शकतात. बनावट टिपणांत सहसा कोणी विशिष्ट माणूस नसतो, वार नसतो, भाव नसतो, आणि ‘तिथे आणखी कोण बसलं होतं?’ या प्रश्नावर ती कोसळतात. तरी एखादा हुशार विद्यार्थी निभावून नेईल. हळू लिहिणाऱ्या, डिस्लेक्सिया असलेल्या किंवा लेखनिक लागणाऱ्या मुलांना जास्त वेळ किंवा इंटरनेट नसलेला संगणक द्यावाच लागतो. नाहीतर एका अन्यायाच्या जागी दुसरा येतो. गैरहजर मुलांसाठी वेगळ्या अटीसह दुसरा दिवस ठेवावा लागतो.

आणि शिक्षकाचा वेळ लागतो. साठ मसुद्यांवर एकेक प्रश्न लिहायला प्रत्येकी अडीच मिनिटं धरली तर अडीच तास, आणि साठ जणांशी बोलायला आणखी दोन तास. एकशेवीस मुलांच्या वर्गात सगळ्यांशी बोलणं जमत नाही. तिथे मसुदा आणि लेख यांत मोठं अंतर असलेले आणि चिठ्ठ्या टाकून काढलेले काही, एवढ्यांशीच बोलावं. मात्र चिठ्ठ्या टाकणार हे सगळ्यांना आधीच सांगावं, म्हणजे ज्याला बोलावलं त्याच्यावर संशय आहे असं वर्गाला वाटत नाही.

हा वेळ आज बहुतेक शिक्षकांना कोणी मोजून देत नाही. प्राचार्यांनो, विभागप्रमुखांनो, डिटेक्टरचं वर्गणीचं बिल मंजूर करण्याआधी प्रत्येक सत्राच्या वेळापत्रकात लेखनाचे तीन तास टाका आणि मसुदे वाचण्याचा वेळ कार्यभारात धरा.