अकरा दिवसांची मुदत

समजा, ठाण्यातल्या एका सोसायटीच्या पार्किंगमधून १२ मार्चच्या पहाटे मोटारसायकल गेली. सकाळी वॉचमन, मालक, सेक्रेटरी सगळे डीव्हीआरसमोर जमतात, कुणीतरी मोबाईलवर पडद्याचे चित्रण करतो आणि ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकतो. कॅमेऱ्यांची देखभाल करणारा म्हणतो, ‘सोमवारी माणूस पाठवतो.’ तोवर इकडे डिस्क भरत राहते.

हिशेब सोपा आहे. दोन मेगाबिट वेगाने नोंदणारा एक कॅमेरा दिवसाला साधारण साडेएकवीस जीबी जागा खातो. आठ कॅमेरे आणि दोन टीबीची डिस्क असेल, तर साडेअकरा दिवसांत जागा संपते आणि यंत्र सर्वांत जुन्या चित्रणावर नवे लिहू लागते. म्हणजे २३ तारखेला ती पहाट पुसली जाणार.

म्हणून सेक्रेटरीच्या पत्रातली पहिली मागणी प्रतीची नसावी, डिस्कची असावी: ‘सध्याची डिस्क आजच काढून, तिचा अनुक्रमांक नोंदवून, आमच्यासमोर सीलबंद करावी व यंत्रात नवी डिस्क बसवावी.’ नुसते पुनर्लेखन बंद करून भागत नाही. डिस्क भरली की चित्रणच थांबते.

त्याआधी घड्याळ. डीव्हीआरची वेळ बऱ्याचदा पुढेमागे असते. पडद्यावर २.२७ दिसत असताना मोबाईलवर २.१० वाजले असतील, तर सतरा मिनिटांचा हा फरक कागदावर यायला हवा. घाईने घड्याळ दुरुस्त केले की फरक सिद्ध करणे अवघड. आणि चोरीच्या पाच मिनिटांपुरते चित्रण मागू नये. गेट, पार्किंग आणि मागची भिंत या तिन्ही कॅमेऱ्यांचे रात्री अकरा ते सकाळी सहापर्यंतचे मागावे, कारण टेहळणी करणारा आधी येऊन गेलेला असू शकतो.

प्रत मूळ फाइलच्या स्वरूपातच हवी, सोबत तिचे हॅश मूल्य. फाइलमधला एक बिट बदलला तरी हे मूल्य बदलते. ग्रुपवरच्या चित्रणात हे काहीच उरत नाही.

कागदाची ही कटकट जालन्याने देशाला शिकवली. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर यांचे अर्ज मुदत उलटल्यावर घेतले गेले, असा कैलास गोरंट्याल यांचा दावा होता आणि त्यासाठी निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतले चित्रण पुढे आले. मूळ यंत्र न्यायालयात आणले नसेल तर प्रमाणपत्र लागतेच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये या प्रकरणात सांगितले. मात्र गोरंट्याल यांनी ते वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नव्हते, म्हणून त्यांना त्यातून सूट मिळाली. मागणीचा लेखी पुरावा इथे कामी येतो.

१ जुलै २०२४ पासून हे प्रमाणपत्र भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली द्यावे लागते. त्याचे दोन भाग आहेत: एक यंत्र सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. हॅश मूल्य त्यातच लिहायचे असते. पत्रात याची मागणी करून एक प्रत पोलीस ठाण्यात द्यावी, आणि देखभालवाल्याकडून तारीख-वेळेसह पोच घ्यावी.